बत्तीस दिवसांचा माल

टेम्पो दुकानासमोर उभा राहतो तेव्हा दुकानदाराकडे फार तर पाच मिनिटं असतात. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो, काउंटरवर दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि पेट्या उतरवणाऱ्या पोराला आणखी अठरा दुकानं करायची असतात. पेट्या मोजल्या जातात, बिलावर सही होते, टेम्पो निघून जातो. त्या पाच मिनिटांत संख्या तपासली जाते, फुटका-भिजका माल पाहिला जातो. तारीख मात्र बहुतेक वेळा पाहिली जात नाही. ती रात्री कळते, पुडे मांडणीवर लावताना.

या प्रकरणातलं पत्र त्या रात्रीनंतर लिहायचं पत्र आहे. माल चांगला आहे, सीलबंद आहे, वजन बरोबर आहे, मुदतही संपलेली नाही. फक्त मुदत इतकी थोडी उरली आहे की तो विकून संपणार नाही. अशा वेळी पुरवठादाराकडे पैसे परत मागायचे कोणत्या आधारावर, किती आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न दुकानदाराला वर्षातून दोन-तीनदा तरी पडतोच. बहुतेक जण फोनवर रागावतात, सेल्समन "बघतो शेठ" म्हणतो आणि महिन्याभराने पुडे कचऱ्यात जातात.

एक उदाहरण घेऊन सगळं पाहू. उदाहरण मी रचलेलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत. पण छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वस्तीत दिवाळीनंतरच्या आठवड्यात असंच घडताना दिसेल.

गारखेडा परिसरातलं एक किराणा दुकान. तारीख 3 नोव्हेंबर 2025, सोमवार. दिवाळी होऊन पंधरवडा होत आला आहे, तुळशीची लग्नं सुरू झाली आहेत. जाधववाडीकडच्या वितरकाकडून शेव-फरसाणाच्या सहा पेट्या आल्या. पेटीत 200 ग्रॅमचे 40 पुडे, म्हणजे एकूण 240. पुड्याची छापील किंमत 60 रुपये, बिलातला दर 48 रुपये, वर 5 टक्के जीएसटी. पाच पेट्या घेतल्या की एक पेटी मोफत, अशी स्कीम सेल्समनने सांगितली होती. एरवी महिन्याला तीन पेट्या घेणाऱ्या आमच्या दुकानदाराने म्हणूनच या वेळी दोन महिन्यांची बेगमी केली. बिल झालं पाच पेट्यांचं, म्हणजे 200 पुड्यांचे 9,600 रुपये आणि कर 480, एकूण 10,080.

रात्री पुडा उलटा केला तर सीलजवळच्या शाईच्या ठिपक्यांत लिहिलेलं होतं: पॅकिंग 6 ऑगस्ट, वापराची अंतिम तारीख 5 डिसेंबर. चार महिन्यांच्या आयुष्यातले तीन महिने गोदामात सरले होते. हातात उरले 32 दिवस.

आता खरी चूक कुठे झाली ते पाहण्यासारखं आहे. कंपन्या दिवाळीसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरपूर माल बनवतात आणि वितरकाच्या गोदामात ढकलतात. दिवाळीत त्यातला काही खपतो, काही उरतो. नेमकं दिवाळीनंतर फरसाणाचं गिऱ्हाईक पातळ होतं, कारण घराघरांत डब्यांतला चिवडा आणि चकल्या संपायच्या असतात. वितरकाला उरलेला माल हलवायचा असतो, म्हणून पाचावर एक मोफत. मोठी स्कीम अवेळी आली की आधी तारीख विचारावी, हे जुने दुकानदार जाणून असतात. स्कीम देणं यात गैर काही नाही. थोड्या मुदतीचा माल स्वस्तात देणं हा व्यापाराचा जुना रिवाज आहे. पण मुदत थोडी आहे हे सांगून तो द्यायला हवा होता. सांगितलं असतं तर दुकानदाराने दोन पेट्या घेतल्या असत्या, सहा नाही. पत्राचा सगळा जोर या एका वाक्यावर आहे.

या दुकानात आणखी एक पुरावा मांडणीवरच पडलेला होता. 9 ऑक्टोबरला याच फरसाणाची जी पेटी आली होती, तिच्यातले आठ पुडे शिल्लक होते. त्यांच्यावर तारीख होती 30 डिसेंबर. म्हणजे आधी आलेला माल नंतर संपणार आणि नंतर आलेला आधी. असा उलटा क्रम दिसला की नवा माल गोदामाच्या कोपऱ्यात मागे राहून गेलेला आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. त्या आठ पुड्यांपैकी एक आणि नव्यांपैकी एक शेजारी ठेवून, खाली बिल पसरून, मोबाइलवर फोटो काढला की सगळी गोष्ट एका चित्रात येते.

पत्राकडे वळण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. बाजारात "क्रेडिट पाहिजे" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात उधारी येते. "अजून पंधरा दिवस थांबा म्हणतोय" असं सेल्समन मालकाला सांगतो आणि विषय भलतीकडे जातो. आपल्याला उधारी नको आहे. वितरकाच्या वहीत आपल्या नावे जी रक्कम पडली आहे, तिच्यातला काही भाग आपल्या खाती जमा व्हायला हवा आहे. त्यासाठी तो जो कागद देतो ती क्रेडिट नोट. म्हणून पत्रात "क्रेडिट नोट देऊन रक्कम आमच्या खाती जमा करावी" असं पूर्ण वाक्य लिहावं.

पत्र असं.

दिनांक : 4 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(वितरक संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : बिल दि. 3 नोव्हेंबर 2025 मधील कमी मुदतीच्या मालापैकी 3 पेट्या परत घेऊन रु. 5,040 ची क्रेडिट नोट देण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

काल, दि. 3 नोव्हेंबर रोजी, आपल्याकडून वरील बिलाने शेव-फरसाण 200 ग्रॅमच्या 6 पेट्या (240 पुडे) मिळाल्या. सर्व पेट्या एकाच बॅचच्या असून पॅकिंग दि. 6 ऑगस्ट 2025 व वापराची अंतिम तारीख 5 डिसेंबर 2025 आहे. माल मिळाला त्या दिवशी 32 दिवस शिल्लक होते. ऑर्डर घेताना मुदतीबद्दल आम्हाला कल्पना दिलेली नव्हती. आपल्याकडूनच 9 ऑक्टोबरला आलेल्या याच मालावर 30 डिसेंबर ही तारीख आहे. दोन्हींचा फोटो सोबत जोडला आहे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत आम्ही आपल्याकडून या मालाच्या 9 पेट्या घेतल्या. त्यावरून आमचा खप दिवसाला सुमारे 4 पुडे पडतो. शेवटच्या आठवड्यातला माल गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून विक्रीला 25 दिवस धरले तर सुमारे 100 पुडे विकले जातील. उरलेले 140 आमच्याकडे मुदतीत विकले जाणार नाहीत.

यांपैकी 3 पेट्या (120 पुडे) न उघडता बाजूला ठेवल्या आहेत. त्या आम्ही स्वीकारलेल्या नाहीत. आपण त्या शनिवार, दि. 8 नोव्हेंबरपर्यंत परत न्याव्यात. आज त्यांना महिन्याभराची मुदत असल्याने आपण त्या दुसरीकडे देऊ शकाल. राहिलेल्या 3 पेट्या आम्ही ठेवून घेत आहोत आणि त्यांतले जे पुडे उरतील त्यांचा भार आम्ही सोसू.

रक्कम : 6 पेट्यांची करपूर्व किंमत रु. 9,600, म्हणजे मोफत पेटी धरून पुड्याला रु. 40. 120 पुड्यांचे रु. 4,800, अधिक 5 टक्के जीएसटी रु. 240, एकूण रु. 5,040 (अक्षरी रुपये पाच हजार चाळीस). ही रक्कम वरील बिलाचा उल्लेख करून क्रेडिट नोटने आमच्या खाती जमा करावी. बिलाची उरलेली रक्कम रु. 5,040 नेहमीच्या दिवशी देत आहोत.

यापुढे या मालाला साठ दिवसांपेक्षा कमी मुदत उरली असल्यास पाठवण्यापूर्वी फोनवर कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, दुकानाचा शिक्का)

सोबत : बिलाची प्रत, फोटो.

पत्र एका पानाचं आहे आणि त्यात एकही रागाचं वाक्य नाही. आता त्यातल्या दोन-तीन जागा उलगडून पाहू, कारण दुकानदार अडखळतात ते तिथेच.

पहिली जागा म्हणजे खपाचा हिशेब. "मुदत कमी आहे" एवढंच लिहिलं तर वितरक म्हणतो, "महिना आहे की अजून." त्याचंही खरंच असतं. महिना कमी की जास्त हे मालावर आणि दुकानावर ठरतं. दह्याच्या पिशवीला आयुष्यच दहा-पंधरा दिवसांचं. ती सात दिवस शिल्लक असताना आली तरी दुकानदार कुरकुरत नाही, कारण ती दोन दिवसांत खपते. उलट चार महिन्यांच्या फरसाणाचे 32 दिवस एखाद्या मोठ्या दुकानाला पुरतील, आमच्या दुकानाला पुरणार नाहीत. म्हणून तारीख आणि खप हे दोन्ही शेजारी मांडावे लागतात. खपाचा आकडा मनाने लिहू नये. मागच्या बिलांवरून काढावा, म्हणजे तो वितरकाच्याही वहीत सापडतो. नऊ पेट्या म्हणजे 360 पुडे, ऑगस्ट ते ऑक्टोबरचे दिवस 92, रोजचे चारच्या किंचित आत. वितरकाने आपली वही उघडली की हाच आकडा निघणार.

शेवटचा आठवडा का वगळला, हेही सांगायला हवं. काउंटरशी उभं राहून पाहा. बाई पुडा उचलते, उलटा करते, तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचते, तो खाली ठेवते आणि मांडणीच्या मागून दुसरा काढते. तिचं चुकत नाही. 200 ग्रॅमचा पुडा घरी आठवडाभर पुरतो. तेलात तळलेला पदार्थ हळूहळू खवट होत जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या गोदामात हे जास्त लवकर होतं. मराठवाड्यातल्या ऑगस्ट-ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन महिने पडलेल्या पुड्यावर तिचा भरवसा थोडा कमी असेल तर आश्चर्य नाही.

दुसरी जागा दराची, आणि पैशाचा सगळा वाद इथेच होतो. वितरकाचा कारकून पत्र वाचून असं म्हणेल: "तुम्ही तीन पेट्या परत देताय, म्हणजे तुमच्याकडे तीनच राहिल्या. तीन पेट्यांवर स्कीम बसत नाही. 120 पुडे, दर 48, कर धरून 6,048 तुम्हाला द्यावे लागतील. 10,080 मधून ते वजा केले की तुमचे जमा होतात 4,032." दोन आकड्यांत 1,008 रुपयांचा फरक आहे. हा हिशेब वरवर बरोबर दिसतो आणि दुकानदार गप्प बसतो. पण स्कीम मोडली कोणी? माल ठीक असता तर सहाही पेट्या दुकानात राहिल्या असत्या. परत जायची वेळ मुदतीमुळे आली आणि मुदत लपली ती वितरकाकडे. त्यामुळे ज्या दराने सहा पेट्या पडल्या, त्याच दराने परत जायला हव्यात. अर्धा माल परत, अर्धे पैसे परत.

याची दुसरी बाजूही तितक्याच सचोटीने पाळावी लागते. काही दुकानदार परतीचा दर 48 लावतात, म्हणजे मोफत मिळालेल्या पुड्याचेही पैसे मागतात. 120 पुड्यांचे 48 प्रमाणे 5,760 आणि कर 288. असं पत्र गेलं की कारकून ते एका मिनिटात खोडतो, आणि मग पत्रातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही. पुड्याला 40 हा दर पत्रात कसा आला ते दाखवणं म्हणूनच फायद्याचं आहे.

तिसरी जागा वेळेची. पत्रावर 4 तारीख आहे, माल आल्याच्या दुसऱ्याच दिवसाची. मालविक्रीचा 1930 चा कायदा खरेदीदाराला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी देतो. सही करून पेट्या आत घेतल्या म्हणजे लगेच स्वीकारल्या असं होत नाही. पण वाजवी काळ उलटून गेला आणि नको असल्याचं कळवलं नाही, तर कलम 42 प्रमाणे माल स्वीकारला असं धरलं जातं. माल विकायला काढला तरी तेच. तीन पेट्या न उघडता बाजूला ठेवल्या आणि तसं लिहून कळवलं, याचं कारण हे आहे. त्याच कायद्याचं कलम 43 सांगतं की नाकारलेला माल आपण स्वतः पोहोचवून देण्याची सक्ती नाही, नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. म्हणून "परत न्याव्यात" असं लिहिलं आहे, "आणून देऊ" असं नाही. रिक्षाचं भाडं आपल्या अंगावर का घ्यावं?

बिलावर सही करतानाच "पेट्या मोजून घेतल्या, तारीख तपासणे बाकी" एवढं लिहिण्याची सवय लावली तर हा मुद्दा आणखी पक्का होतो. टेम्पोवालं पोर त्याला हरकत घेत नाही. त्याला सही हवी असते.

कायद्याबद्दल एक इशारा मात्र द्यायलाच हवा, कारण इथे अर्धवट माहितीवर पत्रं लिहिली जातात. वितरकाने दुकानदाराला देताना अमुक दिवस मुदत उरलेली असलीच पाहिजे, असा सरसकट नियम देशांतर्गत किराणा व्यवहारात नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हाती माल पडताना 30 टक्के आयुष्य किंवा मुदतीआधी 45 दिवस उरलेले असावेत. परदेशातून येणाऱ्या अन्नासाठी 2017 च्या नियमांत 60 टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यांतलं जे कमी ते उरलेलं असण्याची अट आहे. यांतलं एकही जाधववाडीहून गारखेड्याला येणाऱ्या पेटीला थेट लागू होत नाही. आमच्या पुड्याचं आयुष्य सव्वीस टक्के उरलं होतं, म्हणजे ऑनलाइनच्या मापालाही ते पुरं पडत नाही, हे बोलताना मापाचा गज म्हणून जरूर सांगावं. पण पत्रात "हा कायद्याचा भंग आहे" असं लिहिलं तर वितरकाचा सल्लागार ते वाक्य पकडून सगळं पत्र बाजूला सारेल. ग्राहक आयोगाची धमकीही देऊ नये. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही.

लागू होतो तो अन्न सुरक्षा कायदा, 2006, आणि तो दोघांनाही लागू होतो. कलम 27 प्रमाणे मुदत संपलेला माल पुरवला तर वितरक जबाबदार आणि मुदत संपल्यावर विकला तर दुकानदार जबाबदार. वितरकाच्या तोंडी नेहमी असलेलं एक वाक्य आहे: "ठेवा हो, एक्सपायर झाले तर बदलून देऊ." ऐकायला ते आपुलकीचं वाटतं. पण 6 डिसेंबरला त्यातले दोन पुडे मांडणीवर राहून गेले आणि अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी आला, तर तिथे वितरकाचा शब्द कामाचा नसतो. शिवाय ज्याने शब्द दिला तो सेल्समन तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मुदत संपल्यावर बदलून देण्याची हमी घ्यायचीच असेल तर ती वितरकाच्या शिक्क्याचा कागद म्हणून घ्यावी, त्यात पुड्यांची संख्या आणि बदलीची तारीख असावी.

आणि वितरकाची अडचणही खरी असते, हे मी मुद्दाम लिहितो. मुदत संपलेल्या मालाचा दावा तो कंपनीकडे करतो, आणि बऱ्याच कंपन्या तो ठरावीक मर्यादेपर्यंतच मान्य करतात. त्यापुढचं नुकसान त्याचं. डिसेंबरात परत आलेले 120 पुडे म्हणजे त्याच्यासाठी निव्वळ रद्दी. त्याच तीन पेट्या 8 नोव्हेंबरला परत आल्या तर त्यांना अजून 27 दिवस आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली दौलताबाद-वेरूळला निघतात, थंडीत पर्यटकांच्या गाड्या वाढतात. त्या रस्त्यावरच्या दुकानांत 120 पुडे आठवड्यात जातील. पत्रातलं "आपण त्या दुसरीकडे देऊ शकाल" हे वाक्य शिष्टाचाराचं नाही. वितरकाला हो म्हणणं परवडतं ते त्या वाक्यामुळे, आणि ते वाक्य खरं असतं ते फक्त पहिल्या काही दिवसांत.

पत्र हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. व्हॉट्सअॅपवर मालकाला फोटोही पाठवावा, फक्त सेल्समनला पाठवून थांबू नये. बिलातले वाद नसलेले 5,040 वेळेवर द्यावेत. सगळंच बिल अडवून धरलं की वितरक पुरवठा थांबवतो, आणि साबण-तेलासारखा रोजचा मालही अडतो.

क्रेडिट नोट आली की ती तीन ठिकाणी तपासावी. मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख त्यावर आहे का. करपूर्व रक्कम 4,800 आणि कर 240, म्हणजे केंद्राचा 120 आणि राज्याचा 120, असा वेगळा दाखवला आहे का. आणि ती तुमच्या जीएसटी क्रमांकावर पोर्टलवर चढली का. माल प्रत्यक्ष परत गेला असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली कर धरूनच नोट निघायला हवी. ती निघाली की तुम्ही आधी घेतलेल्या कराच्या वजावटीतून 240 रुपये कमी करावे लागतात. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराने वजावट घेतलेलीच नसते, त्यामुळे त्याला पूर्ण 5,040 चा फायदा होतो. नोटेवर फक्त 4,800 असतील तर कारकुनाला लगेच विचारावं, कर कुठे गेला. या नोटेला कराच्या दृष्टीने 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत मुदत आहे. हे ऐकून वितरक "वर्षाखेरीस एकदम करू" म्हणतो. त्याला नम्रपणे सांगावं की याच बिलातून ही रक्कम वळती करून घेतली आहे, म्हणून नोट लगेच द्यावी.

समजा पत्र उशिरा सुचलं, माल येऊन तीन आठवडे झाले, सगळ्या पेट्या फोडून मांडल्या. मग परतीची मागणी जवळजवळ मावळते. त्या वेळी मागायचं ते वेगळं: उरलेल्या पुड्यांवर वितरकाने निम्मा तोटा सोसावा, म्हणजे दुकानदार ते उतरत्या भावाने काढू शकेल. ही विनंती असते, हक्क नव्हे, आणि पत्राचा सूरही तसाच ठेवावा. कमी मुदत सांगूनच माल दिला असेल, भावही त्याच कारणाने उतरवला असेल, तर पत्रच लिहू नये.

गारखेड्याच्या दुकानात राहिलेल्या तीन पेट्यांचं पुढे काय? आधी 5 डिसेंबरवाले पुडे पुढे लावले, 30 डिसेंबरवाले आठ मागे सरकवले. 28 नोव्हेंबरला मोजले तर बावीस उरले होते. दुकानदाराने ते काउंटरवरच्या टोपलीत ठेवले, पेटीच्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनने "5 डिसेंबरपर्यंत वापरा, 42 रुपये" असं लिहून. कर धरून पडलेली किंमत तेवढीच होती. एकोणीस गेले. तीन त्याने 5 तारखेला रात्री दुकान बंद करताना फोडून गाईसमोर टाकले नाहीत, कचऱ्यात टाकले, पुड्यावर आडवी काट मारून, कोणी उचलून पुन्हा विकू नये म्हणून.